बारा जर्सी आणि एक आभारपत्र

*ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. आमच्या १४ वर्षांखालच्या मुलींच्या खो-खो संघाला अक्कलकोट रोडवरच्या एका गणवेश कारखान्याच्या मालकांनी बारा जर्सी शिवून दिल्या. मुख्याध्यापकांनी आभारपत्र लिहायला सांगितलंय. मोबाईलवर नमुने शोधले, तर सगळे ‘अमूल्य सहकार्य’ आणि ‘मोलाचा हातभार’वाले. मुलींना काय मिळालं ते लिहावंसं वाटतं, पण पत्र रडकं होईल अशी भीती वाटते. त्यात आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो, मग सांगायचं तरी काय? आधी मुली पीटीच्या पांढऱ्या शर्टावर खडूने आकडे काढून खेळायच्या. आणि हो, आमची एक मुलगी कधीच सूर मारायची नाही, ती आता मारते.*
*— एक क्रीडाशिक्षिका, सोलापूर*

प्रिय बाई,

तुमचं आभारपत्र तुम्ही लिहून टाकलंय. ‘आणि हो’ म्हणून शेवटी जे एक वाक्य जोडलंत, तेच ते पत्र. आता त्याला फक्त वर आणायचं आहे आणि नीट उलगडायचं आहे. त्यासाठीच परवा तुम्हाला फोन केला आणि अर्धा तास प्रश्न विचारून छळलं. त्या बोलण्यातूनच खालचा मसुदा झाला आहे. तो जसाच्या तसा उतरवून काढू नका. असा का लिहिला ते आधी वाचा, मग तुमच्या शब्दांत लिहा.

देणाऱ्या माणसाला काय माहीत असतं आणि काय नसतं, इथून सुरुवात करू. मालकांना माहीत आहे की बारा जर्सी गेल्या. कापड किती लागलं, कोणत्या मशीनवर बसवलं, कोणत्या वारी माल पोचवला, हे सगळं त्यांच्या वहीत आहे. त्यामुळे ‘आपण आमच्या शाळेस बारा जर्सी भेट दिल्याबद्दल आभारी आहोत’ हे वाक्य त्यांना त्यांचीच वही वाचून दाखवतं. संध्याकाळी साडेचारला मैदानावर काय झालं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते फक्त तुम्ही सांगू शकता, म्हणून पत्र त्याचंच हवं.

हे मला फार उशिरा कळलं. मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्याच वर्षी एका टॉवेल कारखानदारांनी आमच्या कबड्डीच्या मुलांना ट्रॅकसूट दिले होते. मी बसून पानभर पत्र लिहिलं. अलंकारिक, शुद्ध, टंकलिखित. वर्षभराने एका लग्नात ते भेटले. मी पत्राची आठवण काढली, तर ते अगदी सरळपणे म्हणाले, “मिळालं ना बाई. छान होतं. पण पोरं खेळली का त्यात?” पानभर लिहून मी नेमकं तेवढंच सांगितलं नव्हतं. त्या प्रश्नाने मला फार लाज वाटली, आणि तेव्हापासून कुठलंही आभारपत्र सही करण्याआधी मी तोच प्रश्न त्याला विचारत आले.

आता तुमच्या मुलींकडे वळू. त्यांना ‘जर्सी मिळाल्यावर कसं वाटलं’ असं विचारू नका. बाराच्या बारा जणी ‘छान वाटलं’ म्हणतील आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण प्रश्नातच उत्तर ठेवलेलं आहे. घडलेलं विचारा. पहिल्या दिवशी जर्सी घरी नेल्यावर कुठे ठेवली? कुणी धुतली, कधी? घरात कुणी काय म्हणालं? मैदानावर आधी काय करायची नाहीस आणि आता करतेस? सरावानंतर पायऱ्यांवर बसवून दहा मिनिटांत हे होतं. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांना त्या भाषेत सांगू द्या, मराठी तुम्ही करा. मुलं घरच्या भाषेत बोलायला लागली की ‘छान वाटलं’च्या पुढे जातात, हा माझा पूर्व भागातल्या शाळांमधला इतक्या वर्षांचा अनुभव आहे. नळाला पाणी आलं त्या दिवशी जर्सी सगळ्यात आधी धुतली आणि मग बाकीचे कपडे, असं तुमच्या एका मुलीने सांगितलं म्हणालात. सोलापुरातल्या माणसाला त्या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाण्याच्या दिवशी घरात काय धावपळ असते ते मालकांनाही ठाऊक आहे.

खडूच्या आकड्यांचं काय करायचं, तर ते लिहायचं, पण खो-खोत आकडा कशासाठी लागतो ते सांगून लिहायचं. मालक गणवेश शिवतात, खो-खो खेळलेले असतीलच असं नाही. त्यांना जर्सीवरचा आकडा सजावट वाटू शकतो. म्हणून दोन वाक्यं द्या: पळतीचे खेळाडू तिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात, कोण कितव्या क्रमाने येणार ते आधी गुणलेखकाकडे नोंदवावं लागतं, आणि गडी बाद झाला की नोंद आकड्यासमोर होते. आता खडूचा आकडा घामाने आणि मुरमाच्या धुळीने दुसऱ्या पाळीपर्यंत पुसला जातो. मग गुणलेखक हाक मारून विचारणार, “तू कितवी?” तुमच्या मुलींना हा प्रश्न भर सामन्यात विचारला गेला, दोनदा. ज्या मुलीचं सगळं लक्ष मागून येणाऱ्या आक्रमकावर असायला हवं, ती पाठ वळवून स्वतःचा शर्ट बघते. जर्सीने हा प्रश्न संपवला. एवढं लिहिलंत की ‘संघाला ओळख मिळाली’ असं गुळगुळीत वाक्य लागतच नाही.

त्याच ठिकाणी मालकांच्या कारागिरीबद्दल एक ओळ घाला. तुमच्या जर्सीवरचे आकडे चिकटवलेले नाहीत, सब्लिमेशनने छापलेले आहेत. या छपाईत शाई आधी खास कागदावर उतरवतात, मग तापत्या प्रेसखाली तिची वाफ होऊन ती पॉलिस्टरच्या धाग्यातच शिरते. वर पापुद्रा राहत नाही, म्हणून तो सोलून निघण्याचा प्रश्न नाही. चिकटवलेला आकडा सूर मारताना जमिनीला घासून कडेने उचलला जातो, हे तुम्ही दुसऱ्या संघांच्या अंगावर पाहिलं असेल. ‘इतक्या वेळा धुतलं, इतके सामने झाले, आकडे जसेच्या तसे आहेत’ हे कारखानदाराला सांगण्यासारखं आहे. तो माल विकतो, आणि मैदानात माल कसा टिकला हे त्याला सहसा कुणी परत येऊन सांगत नाही. मोजून लिहा. सहा वेळा धुतली असेल तर सहा लिहा, ‘अनेकदा’ नको.

आता सुराचं. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण तुमची रडकं होण्याची भीती याच जागेची आहे.

खो-खोत आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरता येत नाही. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून निसटत असेल, तर हाताला आणखी दीड-दोन फूट मिळवण्याचा एकच मार्ग उरतो, अंग झोकून देऊन सूर मारणं. न मारणारी आक्रमक नुसती धावत राहते आणि गडी सुटत राहतात. तुमची ती मुलगी सगळ्यात वेगवान आहे, पण सूर मारायची नाही. तुम्ही तिला दोन वर्षं ‘घाबरू नकोस’ म्हणत होतात. ती पडायला घाबरत नव्हतीच. पीटीचा शर्ट वर सरकतो, आणि मैदानाच्या कडेला मुलं उभी असतात, हे तिने तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगणार तरी कशी?

माप घ्यायला आलेल्या शिवणकामाच्या ताईंना ते न सांगता कळलं. तुम्ही फोनवर हे सांगितलंत तेव्हा मी क्षणभर गप्पच झाले होते. गणवेशाचं माप उभ्या अंगाने घेतात, हात खाली सोडून. त्या ताईंनी मुलींना दोन्ही हात डोक्यावर ताणायला लावले, मग पुढे वाकायला लावलं, शर्ट किती वर जातो ते पाहिलं आणि प्रत्येक मापात लांबीला दोन इंच वाढवले. कुणी सांगितलं नव्हतं. बारा जर्सींमधली सगळ्यात मोठी देणगी मला विचाराल तर ते दोन इंच आहेत.

हे पत्रात लिहायचं, आणि नक्कीच लिहायचं. फक्त काही गोष्टी सांभाळायच्या. मुलीचं नाव, आकडा, इयत्ता काहीही नको. बारा जणींच्या संघात ‘सहावीतली उंच मुलगी’ म्हटलं तरी ती ओळखू येते. ‘लाज’, ‘संकोच’, ‘अंग’ असे शब्दही नकोत. शर्ट वर सरकायचा म्हणून काही मुली सूर मारायचं टाळत, आता मारतात, एवढं पुरतं. वाचणारा मुलीचा बाप असेल, भाऊ असेल, त्याला बाकीचं कळतं. आणि एक मुलगी म्हणण्याऐवजी ‘काही मुली’ म्हणा. ते खोटं ठरणार नाही, कारण तुम्हीच सांगितलंत की पहिल्या आठवड्यानंतर आणखी दोघी मारायला लागल्या.

पत्र रडकं होतं ते भावनेने नाही, विशेषणांनी होतं. ‘गरीब’, ‘गरजू’, ‘होतकरू’, ‘वंचित’ हे चार शब्द मसुद्यात कुठेही दिसले तर खोडा. हे पत्र मुलींना वाचून दाखवलं जाणार आहे. कदाचित मालक ते कारखान्यात लावतील, आणि तिथे मशीनवर बसणाऱ्या बाया यातल्या काही मुलींच्या शेजारणी असतील, कुणाची मावशीही असेल. ज्या मुलीची आई दिवसभर विड्या वळून घर चालवते, तिला स्वतःबद्दल ‘गरजू’ असा शब्द शाळेच्या लेटरहेडवर वाचायला लागू नये. मला हे फार मनापासून वाटतं. मुलींना जर्सी मिळाली ती त्या संघात निवडल्या गेल्या म्हणून, आणि पत्रात त्या खेळाडू म्हणूनच दिसायला हव्यात.

हरल्याचं काय? सरळ सांगा. पहिला सामना जिंकलो, दुसरा तीन गुणांनी हरलो. एक वाक्य. ‘तरीही मुलींनी मने जिंकली’ हे शेपूट नको, ‘पंचांचा निर्णय’ नको, ‘पुढच्या वर्षी नक्की जिंकू’ असं वचनही नको. मालकांनी जिंकण्यासाठी जर्सी दिलेल्या नव्हत्या, तेव्हा हरल्याचा हिशोब त्यांना द्यायचा नाही. पण निकाल लपवलात तर बाकीच्या पत्रावरही त्यांचा विश्वास बसणार नाही. गावातल्या गावात स्पर्धेचा निकाल कळायला वेळ लागत नाही.

काही गोष्टी या पत्रात अजिबात आणू नका. ‘यापुढेही असेच सहकार्य लाभावे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक नमुन्यात असतं, आणि त्या एका वाक्याने आभारपत्राचा अर्ज होतो. पुढच्या वर्षी बूट हवे असतील तर पुढच्या वर्षी वेगळं पत्र लिहा. ‘आपल्या सीएसआर निधीतून’ असंही लोक हल्ली सवयीने लिहितात. सीएसआरचं, म्हणजे नफ्यातला काही वाटा समाजासाठी खर्च करण्याचं बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातलेलं आहे. तीस-चाळीस मशीनच्या कारखान्याला ते लागू नसतं. तुमच्या मालकांनी हे स्वतःच्या खिशातून केलं आहे, तेव्हा त्याला कायद्याची सक्ती असल्यासारखं नाव देऊ नका. करसवलतीचा उल्लेखही टाळा. वस्तूच्या रूपात दिलेल्या देणगीवर देणगीदाराला आयकरात वजावट मिळत नाही, आणि शाळेने नकळत तसं आश्वासन दिलं तर नंतर अवघड होतं. वस्तू मिळाल्याची पोच हवी असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने वेगळ्या कागदावर द्या: तारीख, नग, मापं, शिक्का. ती फाईलसाठी. पत्र माणसासाठी.

मुख्याध्यापक लेटरहेड आणि जावक क्रमांकाचा आग्रह धरतील. धरू द्या, त्याने काही बिघडत नाही. फक्त मायन्यात ‘मा. व्यवस्थापक’ असं लिहू नका, मालकांचं पूर्ण नाव लिहा. आणि सही मुख्याध्यापकांच्या शेजारी तुमचीही असू द्या, कारण पाहिलेलं तुम्ही सांगताय.

हा मसुदा:

*मा. श्री. (संपूर्ण नाव) यांस,*
*सप्रेम नमस्कार.*

*आपल्या कारखान्यातून आलेल्या जर्सी घालून आमच्या मुली गेले सात आठवडे रोज सराव करत आहेत. त्या काळात मैदानावर जे पाहिलं ते आपल्याला कळवावं म्हणून हे पत्र.*

*आमच्या संघातल्या काही मुली सूर मारायचं टाळत. खो-खोत आक्रमकाला मध्येच मागे फिरता येत नाही, त्यामुळे निसटणारा गडी टिपायला सूर मारावाच लागतो. पीटीचा शर्ट वर सरकायचा हे त्यामागचं कारण होतं, आणि ते शिक्षक म्हणून माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मापं घ्यायला आलेल्या आपल्याकडच्या ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मुलींना हात वर करायला लावून मापं घेतली आणि लांबी दोन इंच वाढवली. जर्सी आल्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या एका मुलीने खांबाजवळ पहिला सूर मारला. सगळा संघ धावत तिच्याकडे गेला. आता तिघी मारतात. कृपया हे त्या ताईंना सांगावं, शक्य झाल्यास पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखवावा.*

*आधी मुली शर्टावर खडूने आकडा काढत. खो-खोत गडी बाद झाल्याची नोंद आकड्यावर होते, आणि घामाने खडू पुसला की गुणलेखक खेळ चालू असताना ‘तू कितवी?’ असं विचारत. या वर्षी तो प्रश्न कुणाला विचारला गेला नाही. जर्सी आतापर्यंत सहा वेळा धुतल्या, दोन सामने आणि रोजचा सराव झाला, आकडे पहिल्या दिवसासारखे आहेत.*

*शालेय स्पर्धेत आम्ही पहिला सामना जिंकलो आणि दुसरा तीन गुणांनी हरलो. दुसऱ्या सामन्यात आमच्या आक्रमकांनी पाच गडी सूर मारून बाद केले. गेल्या वर्षी एकही नव्हता.*

*मुलींना त्यांचं काही कळवायचं आहे का असं विचारलं. त्यांनी सांगितलेल्यातली तीन वाक्यं इथे देते:*

*‘नळाला पाणी आलं की आधी जर्सी धुते, मग बाकीचं.’*

*‘माझ्या भावाने विचारलं, मला पण मिळेल का. मी म्हटलं, आधी संघात ये.’*

*‘माझ्या पाठीवर चार आहे. आता वर्गात पण मला चार म्हणतात.’*

*आम्हा सर्वांकडून मनापासून आभार.*

*आपली,*
*(क्रीडाशिक्षिका) (मुख्याध्यापक)*

बस, एवढंच. एका पानात बसतं. बघा, आभाराचा शब्द शेवटी एकदाच येतो आणि तेवढा पुरतो, कारण वरची प्रत्येक ओळ तेच सांगते आहे. पाच गड्यांचा आकडा तुम्ही गुणपत्रिकेवरून पुन्हा तपासा. तुम्ही फोनवर आठवून सांगितला होता, आणि या पत्रातला एकही आकडा अंदाजाचा असता कामा नये. ‘आधी संघात ये’ हे ज्या मुलीचं वाक्य आहे तिला आणि ‘चार’वाल्या मुलीला विचारून घ्या की हे पत्रात चालेल का. आकड्यामुळे चार नंबरची मुलगी ओळखू येणारच, पण तिथे ती अभिमानाने ओळखू येते. सुराच्या परिच्छेदात तसं नाही. आणि चार नंबरचीच मुलगी सूर मारणारी असेल, तर तिचं ते वाक्य काढून दुसरं घ्या. मी हे फोनवर विचारायचं विसरले.

मोबाईलवर फोटो पाठवण्याबद्दल विचारलं होतंत. संघाचा फोटो सोबत द्यायचा तर पालकांना आधी विचारा, आणि मालकांना सांगा की तो कारखान्याच्या जाहिरातीत किंवा स्टेटसवर ठेवण्याआधी शाळेला विचारावं. हे म्हणायला अवघड वाटतं, पण चांगला माणूस याने दुखावत नाही. फोटो उभ्या रांगेतला नको. मुली पाटीवर बसलेल्या असताना पाठीमागून काढा. आठ जणी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, त्यामुळे चार पाठी आणि चार आकडे सरळ दिसतील. शिवणाऱ्याला आपलं काम त्यातच दिसतं, आणि बहुतेक चेहरेही जपले जातात.

पत्र पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवू नका. दोन मुलींना घेऊन तुम्ही स्वतः जा. गणवेशाच्या धंद्यात मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे शाळा उघडेपर्यंत, मालकांना मान वर करायला वेळ नसतो. आता स्पर्धेच्या दिवसांत तसा ताण नसेल. तरी आधी फोन करून वेळ विचारा, आणि एवढं विचारा की त्या ताई त्या दिवशी कामावर असतील का. नसतील तर दुसरा दिवस घ्या. सोबत पेढे न्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मुलींच्या घरून कुणी शेंगाचटणी किंवा कडक भाकरी प्रेमाने देणार असेल तर ती जरूर न्या, मात्र त्यासाठी वर्गणी काढू नका.

आणि सात नंबरची जर्सी घेऊन जा. तिची खांद्याची शिवण उसवल्याचं तुम्ही जाता जाता म्हणालात, आणि पत्रात लिहू का असं विचारलंत. पत्रात नको, पण लपवूही नका. ती तुम्ही घरी सुईदोऱ्याने शिवलीत तर पॉलिस्टरचं विणलेलं कापड ताणलं की टाका पुन्हा तुटेल. त्याला ओव्हरलॉकचा ताणणारा टाका लागतो, आणि ते मशीन त्यांच्याकडे आहे. पत्र देऊन झालं, चहा झाला की जर्सी ताईंच्या हातात द्या आणि कोणता सूर मारताना ती उसवली ते त्या मुलीलाच सांगू द्या.